पैशांवरच्या तीन डॉक्युमेंट्री आणि तीन प्रश्न : फुगवलेल्या गोष्टींशिवाय अर्थकारण समजून घ्यायचं असेल तर इथून सुरुवात करा

यूट्यूबवर 'मनी डॉक्युमेंट्री' असं सर्च केलं की काय येतं? उंच इमारतींचे ड्रोन शॉट, मागे ढणढणतं संगीत, कुणीतरी गॅरेजमध्ये सुरू केलेली कंपनी, आणि शेवटी एक कोर्स नाहीतर ॲपची लिंक. तासभर बघून झाल्यावर ती कंपनी पैसे नेमके कशातून कमवते, हे मात्र कळलेलं नसतं.

आता दुसरं टोक बघा. अर्थशास्त्रावरच्या काही डॉक्युमेंट्री इतक्या जड असतात की दहाव्या मिनिटाला आपण फोन हातात घेतो.

या दोन्हींच्या मधे काही चांगल्या फिल्म आहेत. त्या कुणालाही समजतात आणि काही विकत नाहीत. त्यातल्या तीन फिल्मची माहिती इथे देतोय. तीनच का, तर यातली प्रत्येक फिल्म एक प्रश्न विचारायला शिकवते. पैसे खरंच हातात आले का? सल्ला देणाऱ्याला पैसे कोण देतं? आणि शेवटी माल विकत कोण घेतं? हे तीन प्रश्न एकदा डोक्यात बसले की पुढची कुठलीही फिल्म, रील किंवा 'पॅसिव्ह इन्कम'वालं सेमिनार तुम्ही स्वतः तपासू शकता.

पहिली फिल्म : एन्रॉन आणि न आलेला पैसा

'एन्रॉन: द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम' ही 2005 सालची फिल्म. दिग्दर्शक ॲलेक्स गिबनी. बेथनी मॅक्लीन आणि पीटर एल्काइंड या दोन पत्रकारांनी लिहिलेल्या पुस्तकावर ती आधारलेली आहे. लांबी साधारण पावणेदोन तास.

महाराष्ट्रातल्या तिशी-चाळिशीच्या पुढच्या माणसांना एन्रॉन हे नाव नवीन नाही. दाभोळचा वीज प्रकल्प आणला तो याच कंपनीने. पण दाभोळ हा एन्रॉनच्या गोष्टीतला एक तुकडा आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये 1985 साली दोन गॅस कंपन्या एकत्र येऊन एन्रॉन उभी राहिली. ऑगस्ट 2000 मध्ये तिचा शेअर 90 डॉलरपर्यंत गेला. त्यानंतर सव्वा वर्षाने, 2 डिसेंबर 2001 रोजी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो लोकांची नोकरी गेली. अनेकांनी निवृत्तीसाठीची बचतसुद्धा एन्रॉनच्याच शेअर्समध्ये ठेवली होती, तीही बुडाली.

हे झालं कसं? फिल्म ज्या गोष्टीवर बोट ठेवते तिचं नाव आहे 'मार्क टू मार्केट'. शब्द ऐकून घाबरू नका, उदाहरण घेऊ.

समजा, तुमच्या मित्राचा पाणी शुद्ध करणारी मशीन भाड्याने द्यायचा व्यवसाय आहे. एका सोसायटीशी त्याने 10 वर्षांचा करार केला. वर्षाला भाडं 1 लाख, खर्च 60 हजार, म्हणजे नफा 40 हजार. साध्या हिशोबात तो पहिल्या वर्षी 40 हजार नफा दाखवेल, दुसऱ्या वर्षी पुन्हा 40 हजार, असं दहा वर्षं.

आता तो म्हणाला, "करार तर आजच झालाय. मग दहा वर्षांचा नफा आजच दाखवतो." दहा वर्षांचे मिळून 4 लाख होतात. पण पुढे मिळणाऱ्या पैशाची किंमत आज थोडी कमी धरायची असते. वर्षाला 10 टक्क्यांनी ती कमी केली, तर आजची किंमत येते साधारण 2 लाख 46 हजार. तो वहीत या वर्षीचा नफा लिहितो 2 लाख 46 हजार. हातात आलेत 40 हजार.

इथून तीन भानगडी सुरू होतात.

पहिली म्हणजे पुढच्या वर्षी या करारातून नवीन नफा जवळपास काहीच दाखवता येत नाही, कारण तो आधीच दाखवून झालाय. धंदा वाढतोय असं दिसायला हवं असेल तर दरवर्षी आणखी मोठे करार आणावे लागतात. दुसरी भानगड अंदाजाची. 'पाच वर्षांनी भाडं दुप्पट होईल' असं गृहीत धरलं की कागदावरचा नफा लगेच फुगतो, आणि तो अंदाज करणाराही हाच मित्र. तिसरी भानगड बोनसची. सेल्सच्या माणसाला बोनस कागदी नफ्यावर मिळत असेल, तर पुढे ती सोसायटी भाडं देईल की नाही याची त्याला काळजी राहत नाही.

ही पद्धत मुळातच खोटी आहे का? नाही. तुमच्या म्युच्युअल फंडाची एनएव्ही रोज बदलते तीसुद्धा बाजारभावानेच. पण तिथे शेअरचा भाव बाजारात उघड दिसतो, तो कुणी मनाने ठरवत नाही. वीस वर्षांनंतरच्या विजेचा किंवा गॅसचा भाव सांगणारा असा बाजार नसतो. एन्रॉनने 1992 मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाकडून ही पद्धत वापरायची परवानगी मिळवली, आणि नंतर भाव कुठे दिसत नाही अशा व्यवहारांनाही तीच पद्धत लावली. नफा फुगला, रोकड आली नाही. मग कर्ज आणि तोटे लपवायला कंपनीचे वित्तप्रमुख अँड्र्यू फॅस्टो यांनी बाजूला वेगळ्या भागीदारी संस्था उभ्या केल्या. तोटा तिकडे ढकलला की एन्रॉनच्या ताळेबंदात तो दिसायचा नाही.

दाभोळचं काय?

फिल्ममध्ये दाभोळ काही मिनिटांपुरताच येतो. म्हणून मधली गोष्ट आपण भरून काढू.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात हा प्रकल्प उभा राहिला. 1993 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वीज खरेदीचा करार झाला. 1995 मध्ये सत्तेत आलेल्या युती सरकारने तो रद्द केला आणि नंतर वाटाघाटी करून पुन्हा चालू केला. 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला.

करारातली मेख अशी होती की वीज घ्या किंवा घेऊ नका, प्रकल्पाच्या क्षमतेचा ठरलेला आकार मंडळाने द्यायचाच. आता गणित बघा. ठरलेला आकार तोच राहिला आणि वीज कमी घेतली, तर प्रत्येक युनिट महाग पडतं. युनिट महाग झालं की मंडळ आणखी कमी वीज घेतं, आणि मग ते अजून महाग होतं. त्यात इंधनाचे दर डॉलरशी बांधलेले. शेवटी मंडळाने बिलं थांबवली, वाद कोर्टकचेऱ्यांत गेला आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. 2005 नंतर तो वेगळ्या, सरकारी कंपन्यांचा वाटा असलेल्या कंपनीकडे गेला.

फिल्म यातली दुसरी बाजू दाखवते. एन्रॉनने दाभोळमध्ये सुमारे 1 अब्ज डॉलर गमावले. पण पुढे नफा होईल या अंदाजावर कंपनीच्या अधिकाऱ्यांना लाखो डॉलरचे बोनस आधीच देऊन झाले होते. वर सांगितलेली तिसरी भानगड ती हीच. गुहागरच्या किनाऱ्यावर प्रकल्प बंद पडून होता, पण ज्यांनी सौदा आणला त्यांचे पैसे कधीच घरी पोहोचले होते.

या फिल्ममधला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग

2001 च्या मार्चमध्ये बेथनी मॅक्लीन यांनी 'फॉर्च्यून' मासिकात एन्रॉनवर लेख लिहिला. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता: ही कंपनी नेमके पैसे कशी कमवते? कंपनीच्या लोकांना सरळ उत्तर देता येईना.

पुढच्याच महिन्यात गुंतवणूकदारांबरोबर फोनवर बैठक झाली. एका विश्लेषकाने विचारलं, नफ्याचे आकडे देता, मग सोबत ताळेबंद आणि रोख प्रवाहाचं पत्रक का देत नाही? त्यावर सीईओ जेफ स्किलिंग यांनी त्याला सगळ्यांना ऐकू जाईल अशी शिवी दिली. फिल्ममध्ये हा मूळ आवाज ऐकायला मिळतो.

नवशिक्यासाठी पूर्ण फिल्मचं सार या प्रसंगात आहे. नफा हे मत असू शकतं, कारण त्यात अंदाज मिसळलेले असतात. बँकेत आलेली रोकड फुगवणं त्याहून बरंच अवघड असतं. एखाद्या कंपनीचा नफा वर्षानुवर्षं वाढतोय पण धंद्यातून येणारी रोकड वाढत नाहीये, तर तिथे थांबून विचारायचं. भारतात शेअर बाजारात असलेल्या प्रत्येक कंपनीच्या वार्षिक अहवालात 'कॅश फ्लो स्टेटमेंट' असतं. त्यात 'ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीज'समोरची ओळ बघायची आणि ती नफ्याशेजारी ठेवायची. एका वर्षाचा फरक चालतो, कारण उधारी, मालाचा साठा अशी कारणं असतात. सलग चार-पाच वर्षं फरक दिसला, तर मात्र कारण शोधायला हवं.

फिल्ममध्ये उणीव काय आहे? ती माणसांच्या स्वभावावर बराच वेळ घालवते: कोण किती उर्मट, कोण किती उधळ्या. बघायला मजा येते, पण हिशोब मागे पडतो. शिवाय फिल्म 2005 ची असल्यामुळे निकाल त्यात नाही. 2006 मध्ये स्किलिंग आणि अध्यक्ष केनेथ ले हे दोघेही दोषी ठरले. शिक्षा सुनावण्याआधीच ले यांचा मृत्यू झाला. स्किलिंग 2019 मध्ये सुटले.

दुसरी फिल्म : इनसाइड जॉब आणि सल्ल्याची किंमत

चार्ल्स फर्ग्युसन यांची 'इनसाइड जॉब' 2010 मध्ये आली आणि तिला सर्वोत्कृष्ट डॉक्युमेंट्रीचं ऑस्कर मिळालं. विषय 2008 चं आर्थिक संकट. निवेदन अभिनेता मॅट डेमनचं आहे.

सुरुवात आइसलँडपासून होते. साधारण 3 लाख 20 हजार लोकवस्तीचा हा देश. तिथल्या तीन बँका खासगी झाल्या आणि त्यांनी देशाच्या संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या सुमारे दहापट कर्ज उचललं. मग त्या कोसळल्या. अमेरिकेत पुढे जे होणार आहे, ते आधी छोट्या आकारात दाखवायचं, अशी ही युक्ती. नवशिक्यांसाठी ती फार उपयोगी आहे.

त्यानंतर फिल्म गृहकर्जाची साखळी समजावते. आधी बँक कर्ज द्यायची आणि वीस-तीस वर्षं हप्ते स्वतःच गोळा करायची. कर्ज बुडलं तर नुकसान तिचंच. म्हणून ती पगाराची स्लिप बघायची, चौकशी करायची. नंतर पद्धत बदलली. कर्ज देणाऱ्याने ते मोठ्या गुंतवणूक बँकेला विकलं. तिने अशी हजारो कर्जं एका गाठोड्यात बांधली आणि त्या गाठोड्याचे तुकडे जगभरच्या गुंतवणूकदारांना विकले. आता कर्ज बुडालं तर नुकसान गाठोडं घेणाऱ्याचं. कर्ज देणाऱ्याला कमिशन मिळालेलं असतं, मग ग्राहकाची चौकशी तो कशाला करेल?

इथे एक शंका यायला हवी. गुंतवणूकदार वेडे होते का? गाठोड्यात काय आहे हे त्यांनी बघितलं नाही?

त्यांनी रेटिंग बघितलं. मूडीज, स्टँडर्ड अँड पुअर्स आणि फिच या संस्थांनी अशा अनेक गाठोड्यांना 'एएए' म्हणजे सर्वात सुरक्षित असा शिक्का दिला होता. आणि शिक्का देण्याची फी कोण देत होतं? तर गाठोडं विकणारी बँक. परीक्षा घेणाऱ्याला फी परीक्षार्थीच देतोय, आणि नापास केलं तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या परीक्षकाकडे जाऊ शकतो, असा हा प्रकार.

ही गोष्ट अमेरिकेपुरती नाही. भारतातही रेटिंगची फी बहुतेक वेळा रोखे विकणारी कंपनीच देते. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही कंपनी हप्ते चुकवू लागली, त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिला 'एएए' रेटिंग होतं.

प्रोफेसरांची मुलाखत

'इनसाइड जॉब'चा शेवटचा भाग लोकांना सगळ्यात जास्त आठवतो. कॅमेरा बँकांकडून विद्यापीठांकडे वळतो.

फ्रेडरिक मिश्किन हे कोलंबिया विद्यापीठातले नामवंत अर्थतज्ज्ञ. 2006 मध्ये त्यांनी आइसलँडची वित्तव्यवस्था भक्कम असल्याचं सांगणाऱ्या एका अहवालाचं सहलेखन केलं. त्यासाठी आइसलँडच्या व्यापारी संघटनेने त्यांना 1 लाख 24 हजार डॉलर दिले होते. अहवालाच्या शीर्षकात 'स्थैर्य' असा शब्द होता. बँका कोसळल्यानंतर मात्र त्यांच्या बायोडेटामध्ये तेच शीर्षक 'अस्थैर्य' असं छापलेलं आढळलं. फिल्ममध्ये त्यांना हे विचारलं जातं आणि ते टायपिंगची चूक असावी असं सांगतात. चेहऱ्यावर कॅमेरा तसाच राहतो.

या प्रसंगातून 'पैसे घेतले म्हणजे मत खोटंच' असा निष्कर्ष काढू नका. पैसे घेऊन दिलेलं मत बरोबरही असू शकतं. प्रश्न हा आहे की वाचणाऱ्याला ते माहीत होतं का. फिल्मनंतर या विषयावर अमेरिकेत बराच वाद झाला. 2012 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने आपल्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांसाठी नियम केला, की विषयाशी संबंधित कुणाकडून पैसे घेतले असतील तर ते जाहीर करायचे.

याच फिल्ममध्ये रघुराम राजनही दिसतात. 2005 मध्ये ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. अमेरिकेत जगभरच्या बँकर्ससमोर त्यांनी एक निबंध मांडला. मुद्दा असा की आजच्या नफ्यावर बोनस मिळतो पण उद्याच्या तोट्याचा दंड बसत नाही, त्यामुळे बँकांमधली माणसं मोठे धोके पत्करतायत. तेव्हा त्यांच्यावर जोरदार टीका झाली. आता दाभोळचे बोनस आठवा. देश वेगळा, धंदा वेगळा, पण मांडणी तीच.

उणीव? ही फिल्म वकिलासारखी आहे. आरोपी ठरलेले आहेत आणि ती त्यांच्याविरुद्ध पुरावे मांडते. व्याजदर बराच काळ कमी का होते, परदेशातून अमेरिकेत इतका पैसा का येत होता, ऐपत नसताना कर्ज घेणाऱ्यांचा वाटा किती, यांना कमी वेळ मिळतो. म्हणून संकटाचं हे एकमेव स्पष्टीकरण आहे असं समजू नका. शिवाय दुसरा अर्धा तास जरा जड आहे. तिथे आकृत्या आल्या की पॉज करा आणि कागदावर बाण काढा: पैसे कुणाकडून कुणाकडे गेले आणि धोका कुणाकडे गेला. दोन्ही बाण वेगवेगळ्या ठिकाणी संपतात हे दिसलं की फिल्म समजली.

तिसरी फिल्म : बेटिंग ऑन झीरो आणि शेवटचा ग्राहक

टेड ब्राउन यांची ही 2016 ची फिल्म. गोष्ट हर्बालाइफ या पोषण उत्पादनं विकणाऱ्या कंपनीची. डिसेंबर 2012 मध्ये बिल ॲकमन या मोठ्या गुंतवणूकदाराने जाहीर केलं की ही कंपनी पिरॅमिड स्कीम आहे. कंपनीने हे कायम नाकारलं.

ॲकमन यांनी जवळपास 1 अब्ज डॉलरचं 'शॉर्ट' केलं होतं. शॉर्ट म्हणजे काय? समजा तुम्ही शेजाऱ्याकडून एक शेअर उसना घेतला आणि 100 रुपयांना विकला. नंतर भाव 60 झाला. तुम्ही 60 ला विकत घेऊन शेजाऱ्याला परत दिला, 40 रुपये तुमचे. पण भाव 150 झाला तर 50 रुपये खिशातून गेले. भाव शून्यावर आला तर सगळ्यात जास्त फायदा. फिल्मचं नाव त्यावरूनच आलंय.

नेटवर्क मार्केटिंगमध्ये सरळ विक्री कुठे संपते आणि पिरॅमिड कुठे सुरू होतो, हे समजायला एक हिशोब पुरतो. समजा, प्रत्येकाने पाच माणसं जोडायची. पहिल्या पातळीवर 5, दुसऱ्या पातळीवर 25, तिसऱ्या 125. इथपर्यंत सगळं शक्य वाटतं. दहाव्या पातळीवर लागतात 97 लाख 65 हजार माणसं. बाराव्या पातळीवर 24 कोटी 41 लाख. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. म्हणजे बाराव्या पातळीला दोन महाराष्ट्रही पुरणार नाहीत. आणि कुठल्याही क्षणी साखळी थांबली तरी जोडलेल्यांपैकी साधारण 80 टक्के माणसं शेवटच्या पातळीवरच असतात. त्यांच्या खाली कुणीच नसतं.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: साखळीच्या बाहेरचा, कमाईची अपेक्षा नसलेला, निव्वळ वापरण्यासाठी माल घेणारा ग्राहक किती आहे? तो भरपूर असेल तर तो धंदा. माल साखळीतलेच लोक 'लेव्हल' टिकवायला घेत असतील, तर वरच्याचा फायदा खालच्याच्या खिशातून येतोय.

2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी कंपनीने तडजोड केली. 20 कोटी डॉलर द्यायचं आणि मोबदल्याची रचना बदलायचं मान्य केलं. बक्षीस खऱ्या विक्रीशी जोडायचं ठरलं. मात्र तडजोडीत तिला पिरॅमिड स्कीम असं नाव दिलं गेलं नाही. आणि ॲकमन? शेअर शून्यावर गेला नाही. 2018 मध्ये ते तोटा सोसून बाहेर पडले. भारतात पिरॅमिड योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2021 च्या थेट विक्री नियमांतही त्या चालवायला मनाई केली आहे.

फिल्मची ताकद ॲकमनमध्ये नाही. ती आहे शिकागोमधल्या स्थलांतरित लॅटिनो कुटुंबांमध्ये, ज्यांनी बचत घालून 'क्लब' उघडले आणि पैसे गमावले. सेमिनारमधले टाळ्यांचे व्हिडिओ आणि ही घरं एकामागोमाग दिसतात.

आता हाच चष्मा फिल्मला लावा

'बेटिंग ऑन झीरो' बघताना दुसरा प्रश्न विसरू नका: पैसे कोण देतं? शेअर पडला तर ॲकमन यांना फायदा होणार होता, आणि फिल्मचा बराचसा भाग त्यांच्यासोबत चालतो. शिवाय फिल्मला पैसा पुरवणाऱ्यांमध्ये शॉर्ट करणाऱ्या एका फंडाशी संबंधित व्यक्ती होती, यावर कंपनीने जोरदार आक्षेप घेतला. ॲकमन यांचा पैसा यात नाही, असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं.

मग फिल्म बाद करायची का? नाही. फिल्म ॲकमन यांचा फायदा लपवत नाही, नावातच सांगते. त्यांच्या विरोधात उभे राहिलेले गुंतवणूकदार कार्ल आयकान यांची बाजूही दिसते. फक्त पैसे गमावलेल्यांच्या साक्षी आणि ॲकमन यांची भाकितं वेगळी ठेवून बघायची. घडलेलं काय आणि घडेल असं कुणाला वाटत होतं काय, हे दोन वेगळे कप्पे.

जाहिरात ओळखायची कशी?

तुमच्यासमोर एखादी नवी 'सक्सेस स्टोरी' आली तर हेच तीन प्रश्न घ्या.

कंपनीचं 'व्हॅल्युएशन' सांगितलं, पण विक्रीतून किती रोकड आली हे नाही? व्हॅल्युएशन म्हणजे शेवटच्या गुंतवणूकदाराने लावलेला भाव. एन्रॉनचा शेअरही 90 डॉलरला होता.

बोलणारे सगळे त्या कंपनीत पैसे गुंतवलेले, तिथे काम करणारे किंवा तिचा कोर्स विकणारे आहेत? तर ती दोन तासांची जाहिरात आहे. चांगल्या फिल्ममध्ये नकार दिलेल्यांचीही नोंद असते. 'इनसाइड जॉब' तर मुलाखत नाकारणाऱ्यांची नावं मधेमधे पडद्यावर देत जाते.

आणि पैसे गमावलेला एकतरी माणूस दिसतो का? शेअर असो, क्रिप्टो असो की नेटवर्क, तिथे कुणीतरी हरलेलं असतंच. फिल्ममध्ये तो नसेल, तर त्याला वगळलंय.

कुठल्या क्रमाने बघायच्या?

आधी एन्रॉन बघा, कारण ती एका कंपनीची गोष्ट आहे आणि एकच कल्पना समजून घ्यावी लागते. मग 'बेटिंग ऑन झीरो', कारण तिचा हिशोब बोटांवर करता येतो. 'इनसाइड जॉब' शेवटी, दोन बैठकांत. तिन्ही इंग्रजीत आहेत, त्यामुळे सबटायटल चालू ठेवा. कुठल्या ओटीटीवर आहेत हे सतत बदलतं, म्हणून पूर्ण नाव आणि साल टाकून शोधा, नाहीतर त्याच नावाचे दहा मिनिटांचे सारांश समोर येतात. त्या सारांशांत निकाल कळतो. स्किलिंगची ती शिवी आणि मिश्किन यांचा तो चेहरा त्यात नसतो.